सरासरी ११० एफपीएस, तरी गेम अडखळतो. फ्रेम टाइमच्या आलेखातून कारण कसं ओळखायचं?

निखिल_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. पीसी असा आहे: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम (८ च्या दोन पट्ट्या), आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. विंडोज एसएसडीवर आहे, गेम मात्र जुन्या हार्डडिस्कवर आहेत. सध्या एक ओपन वर्ल्ड गेम खेळतोय, डीएक्स १२ वर चालतो. कोपऱ्यातला आकडा बहुतेक वेळ १०५ ते ११५ मध्येच असतो. पण घोड्यावरून गावात शिरलो की खट्कन अडकतो आणि पुढे उडी मारतो. लढाईत पहिला बाण सुटला की पुन्हा तेच.

ज्याच्याकडून पीसी जोडून घेतला तो म्हणतो, "११० येतायत ना, मग मशीन ठीक आहे." मला ते पटत नाही, कारण अडखळणं डोळ्यांना स्वच्छ दिसतंय. सरासरी चांगली असताना असं का होतं, आणि कारण नेमकं कसं पकडायचं? फ्रेम टाइमचा आलेख पाहा असं सगळे सांगतात, पण तो वाचायचा कसा हे कुणी सांगत नाही.

बाळासाहेब_होटगीरोड

आमच्याकडेही हाच त्रास होता. संध्याकाळी सात नंतर गेम उड्या मारायचा. वायफाय काढून राउटरपासून थेट केबल ओढली, पिंग १२० वरून ३० वर आला. तुम्ही आधी नेट बघा.

निखिल_जुळेसोलापूर

बाळासाहेब, हा गेम एकट्याने खेळायचा आहे. केबल काढून ठेवली तरी तसाच अडखळतो.

मन्या_बे

ड्रायव्हर खराब झालाय बे. डीडीयू मार, सेफ मोडमध्ये जाऊन सगळं साफ कर आणि नवीन टाक. शेडर कॅशेचा फोल्डर पण उडव. मी दर महिन्याला करतो, लई भारी पळतं.

तेजस१४४

३०६० आता जुनं झालं. १४४ च्या मॉनिटरला ११० पुरत नाहीत, म्हणून तुटक वाटतं. चांगलं कार्ड घे, विषय संपला.

गंगाधर_अण्णा

मला गेममधलं फार कळत नाही, नातू खेळतो. पण हिशोबाचं काम आयुष्यभर केलं म्हणून एवढं सांगतो की सरासरीवर भरवसा ठेवू नका. सोलापूरहून पुण्याला निघालेली एसटी टेंभुर्णीला वीस मिनिटं उभी राहिली, तरी पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग काढल्यावर तो थांबा कुठे दिसत नाही. प्रवाशाला मात्र तोच आठवतो.

रेंडरवाला

अण्णांनी मुद्दा अगदी बरोबर पकडलाय. त्यालाच आकडे लावतो. मी मूळचा अक्कलकोट रोडचा, आता पुण्यात गेम इंजिनवर काम करतो, त्यामुळे हे रोजचंच आहे.

समजा निखिलने ६० सेकंद खेळ नोंदवला आणि त्यात ६६०० फ्रेम आल्या. सरासरी ११०. आता त्यातल्या २० फ्रेम प्रत्येकी ८० मिलिसेकंद घेणाऱ्या निघाल्या. म्हणजे १.६ सेकंद त्यांनी खाल्ले. उरलेले ५८.४ सेकंद ६५८० फ्रेममध्ये वाटले की प्रत्येकीला ८.९ मिलिसेकंदाच्या आसपास येतात. त्या वीस फ्रेम नसत्याच, तर एफपीएस ११३ च्या जवळ गेला असता. म्हणजे मिनिटाला वीस झटके बसूनही सरासरी जेमतेम अडीच-तीनने खाली आली. कोपऱ्यातला आकडाही बहुधा अर्ध्या किंवा एका सेकंदातल्या फ्रेमवरून काढलेला असतो, त्यामुळे तोही क्षणभर हलतो आणि पुन्हा जागेवर येतो.

डोळ्याला काय दिसतं? तुम्ही कॅमेरा एकसारखा फिरवताय. दर ८.९ मिलिसेकंदाला चित्र थोडंथोडं सरकतंय. मग एक चित्र ८० मिलिसेकंद पडद्यावर तसंच राहतं आणि पुढचं चित्र नऊ पावलं एकदम टाकून येतं. निखिलची उडी म्हणजे हीच.

आलेखात प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ वेगळा दिसतो. सपाट रेघ आणि त्यातून उभा निघालेला सुळका. सुळक्याची उंची बघाच, पण तो *कुठे* आणि *किती वेळाने* पुन्हा येतो हे त्याहून जास्त बघा. कारण तिथेच सापडतं.

तेजस१४४

मग १% लो बघायचा ना, आलेख कशाला? सगळे रिव्ह्यूवाले तोच आकडा देतात.

रेंडरवाला

तेजस, वरचंच उदाहरण घे. ६६०० चा १% म्हणजे सगळ्यात मंद ६६ फ्रेम. त्यात ८० च्या वीस, आणि बाकीच्या ४६ साधारण ११ मिलिसेकंदाच्या धरू. या ६६ ची सरासरी काढली तर ३२ मिलिसेकंद येते, म्हणजे १% लो ३१ एफपीएस. पण काही ठिकाणी सरासरी न काढता रांगेतली ६६ वी फ्रेम तेवढी घेतात. ती ११ मिलिसेकंदाची आहे. म्हणून तोच खेळ, तीच नोंद, आणि १% लो ९० एफपीएस! कॅपफ्रेमएक्स या फ्रेम टाइम नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही पद्धती निवडता येतात, एकदा बदलून बघ. ०.१% वर गेलास तर सहा-सात फ्रेमच उरतात, त्या सगळ्या ८० च्या, आणि आकडा १२.५ वर येतो.

शिवाय ३१ असो की ९०, वीस झटके एकाच लढाईत लागोपाठ बसले की मिनिटभर विखुरले होते, हे त्यातून कळत नाही. ते आलेखातच दिसतं.

ही पद्धत काही फार जुनी नाही. २०११ साली स्कॉट वासन यांनी 'द टेक रिपोर्ट'वर प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजून कार्डांची तुलना मांडली, तिथून रिव्ह्यूंची रीत बदलत गेली. त्याआधी बहुतेक ठिकाणी सरासरी आणि किमान एफपीएस एवढंच छापायचे.

कॅफे_सातरस्ता

माझा गेमिंग कॅफे आहे, त्यात बारा मशीन. निखिलशी याचा थेट संबंध नसेल, पण "किती वेळाने येतो" यावरून आठवलं.

चार मशीनवर बारीक हिसका बसायचा. पोरं तक्रार करायची, पण आकडा सगळीकडे सारखाच. आलेख लावला तर घड्याळाच्या ठोक्यासारखा दर सेकंदाला एक सुळका, २५-३० मिलिसेकंदाचा. मेनूमध्ये उभं राहा, लढाईत जा, कुठेही. गेमला काय माहीत सेकंद कधी झाला? म्हणजे हे बाहेरून येत होतं. त्या मशीनवर तापमान आणि पॉवर दाखवणारा प्रोग्रॅम चालू होता आणि तो दर १००० मिलिसेकंदाला कार्डाला विचारायचा. मी तो वेळ ३००० केला. लगेच सुळके तीन सेकंदांवर गेले. प्रोग्रॅममधलं पॉवरचं रीडिंग बंद केलं, सुळके गेले.

मन्या_बे

हे भारी आहे काका. वेळ बदलून बघायचं डोक्यातच आलं नसतं.

श्रुती_वि

माझं निरीक्षण वेगळं आहे. मे महिन्यात दुपारी सोलापुरात ४३ असतं तेव्हा माझा लॅपटॉप हमखास अडखळतो, रात्री तोच गेम नीट चालतो. त्यामुळे निखिल, आधी तापमान बघ. माझ्या मते नव्वद टक्के वेळा उष्णताच असते.

रेंडरवाला

श्रुती, तुझ्या लॅपटॉपबाबत तू बरोबर असशील. पण उष्णतेची खूण वेगळी दिसते. चिप तापली की ती आपला वेग उतरवते, मग *सगळ्याच* फ्रेम मंद होतात. आलेखाची अख्खी रेघ ९ वरून १३ वर चढते आणि तिथेच राहते. कधी चढ-उतार करत करवतीसारखी होते. तेव्हा सरासरीही पडते. निखिलची रेघ जागेवरच आहे, मधूनच एकटा सुळका येतो. गावात शिरताना ८० मिलिसेकंद तापून पुढच्या फ्रेमला थंड झालं, असं काही होत नाही.

श्रुती_वि

हो, माझ्याकडे सरासरी पडते खरी. ८० ची ५५ होते. मान्य.

रेंडरवाला

निखिल, आता तू एवढं कर. गेमचं सेव्ह असं ठेव की गावाबाहेरून सुरुवात होईल. कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉनने ६० सेकंद नोंदव: तोच रस्ता, तीच लढाई. गेम बंद न करता तेच सेव्ह उघडून तोच रस्ता दुसऱ्यांदा नोंदव. सेटिंगला हात लावू नकोस. दोन्ही आलेखांची वरची मर्यादा सारखी ठेव, १०० मिलिसेकंद पुरे. ती आपोआप बदलू दिलीस तर एका आलेखात बारीक सुळकाही डोंगर दिसेल आणि तुलना फसेल.

आणि जमलं तर जीपीयू बिझी, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कार्ड किती वेळ कामात होतं, तो आकडाही नोंदीत घे. तेजसच्या सल्ल्याचं उत्तर त्यातून मिळेल.

गंगाधर_अण्णा

नोंद एक्सेलमध्ये उघडता येते का? येत असेल तर फ्रेम टाइमचा कॉलम ए धरून मी हे दोन फॉर्म्युले वापरीन. पहिल्याने सरासरी एफपीएस, दुसऱ्याने २५ मिलिसेकंदांपेक्षा मोठे किती, ते येईल.

```
=1000/AVERAGE(A:A)
=COUNTIF(A:A,">25")
```

रेंडरवाला

येते अण्णा, साधी सीएसव्ही असते. उत्तम, हेच वापरू.

निखिल_जुळेसोलापूर

रविवारी दुपारी दोन्ही वेळा नोंदवलं. अण्णांचे फॉर्म्युले लावले.

पहिल्यांदा: सरासरी ११०, पंचवीसच्या वर २० सुळके, बहुतेक ६० ते ९० मधले. लढाई सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांतच त्यातले डझनभर आहेत, बाकीचे रस्त्यावर.

दुसऱ्यांदा: सरासरी ११२, सुळके फक्त ६. लढाईतले सगळे गायब! उरलेले सहा रस्त्यावरचे आणि पहिल्या वेळेस जिथे होते तिथेच: ओढ्यावरचा पूल, वेस, बाजाराचा चौक.

आणि जीपीयू बिझी बघून मी चकित झालो. फ्रेम टाइम ८४ असताना जीपीयू बिझी ८ च आहे.

रेंडरवाला

वा, नोंद अगदी स्वच्छ आली. यात दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

लढाईतले सुळके दुसऱ्या वेळी गेले, म्हणजे ते शेडर तयार करण्याचे. डीएक्स १२ मध्ये कार्डाने काय आणि कसं रंगवायचं याचा पूर्ण मसुदा गेमनेच आधी बांधून द्यायचा असतो, आणि ड्रायव्हर तो त्या कार्डाच्या भाषेत बदलतो. हे काम प्रोसेसर करतो. गेमने ते लोडिंगच्या वेळी उरकलं नाही, तर पहिला बाण सुटताना, पहिली आग पेटताना ऐनवेळी करावं लागतं, आणि तेवढा वेळ फ्रेम थांबते. एकदा झालं की निकाल डिस्कवरच्या कॅशेत राहतो, म्हणून दुसऱ्यांदा झटका नाही.

मन्या, म्हणूनच तुझ्या सल्ल्याला माझा विरोध आहे. ड्रायव्हर खरंच बिघडला असेल तर डीडीयू कामाचं आहे. पण कॅशे उडवली किंवा ड्रायव्हर बदलला की हे सगळं शेडर पुन्हा तयार करावं लागतं. दर महिन्याला साफ करणाऱ्याला दर महिन्याला पहिल्या तासाचे झटके नव्याने मिळतात.

मन्या_बे

आयला. म्हणजे साफ केल्यावर पहिल्या दिवशी जो त्रास होतो तो ह्याचा व्हय? मला वाटायचं विंडोज सेट होतंय.

रेंडरवाला

तोच. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये `Shader Cache Size` आहे, तिथे १० जीबी ठेव आणि फोल्डरला हात लावू नकोस.

निखिलचं दुसरं दुखणं रस्त्यावरचं. त्याच जागी, दर वेळी. तिथे गेम पुढचा भाग आत घेतोय: घरं, माणसं, त्यांचे आवाज, धडकायच्या भिंती. डिस्कवरून वाचायचं, उलगडायचं, मग जगात मांडायचं. यातलं काही मुख्य थ्रेडवर होत असेल तर तेवढा वेळ फ्रेम पुढे सरकत नाही. फ्रेम ८४ ची आणि कार्ड ८ च मिलिसेकंद कामात, म्हणजे उरलेला वेळ कार्ड हातावर हात ठेवून बसलंय. तेजस, नवं कार्ड घेतलं तर ते ८ ऐवजी ४ मध्ये काम उरकेल आणि मग ८० मिलिसेकंद बसून राहील.

तेजस१४४

या केसमध्ये मान्य. पण माझ्या मित्राच्या ६ जीबीवाल्या कार्डात टेक्श्चर अल्ट्रावर ठेवल्यावर असेच सुळके येत होते आणि कार्ड बदलल्यावर गेले. म्हणजे कार्डाने कधीच फरक पडत नाही असं नाही.

रेंडरवाला

बरोबर आहे, तोही खरा प्रकार आहे. व्हीरॅम भरली की माल रॅममधून ये-जा करायला लागतो. पण तिथे सुरुवातीची दहा मिनिटं सहसा बरी जातात, मग सुळके वाढत जातात, आणि टेक्श्चर एक पायरी उतरवलं की लगेच कमी होतात. निखिलकडे १२ जीबी आहे, आणि नव्याने सेव्ह उघडूनही पहिल्याच मिनिटात तीच जागा अडते. त्यामुळे इथे ते नाही.

निखिल, गेम एसएसडीवर हलव आणि पुन्हा नोंदव.

बाळासाहेब_होटगीरोड

एक विचारतो. मग नेटमुळे जे अडखळतं ते या आलेखात दिसेल का?

कॅफे_सातरस्ता

नाही बाळासाहेब. नेटचा लॅग असला की आलेख सपाट राहतो आणि तरी समोरचा खेळाडू उड्या मारतो. तुमचा स्वतःचा कॅमेरा मात्र मऊ फिरतो. आमच्याकडे पोरांना हेच सांगतो: भिंतीकडे बघून माऊस फिरवा, तो अडकला तर मशीन, नाही अडकला तर नेट.

श्रुती_वि

फ्रेम कॅप लावल्याने काही होतं का? मी ६० ला बांधलं आणि एकदम बरं वाटलं.

रेंडरवाला

होतं, पण कुठे ते पाहायला हवं. रेघ ७ ते १४ मध्ये सतत खालीवर होत असेल तर कॅपने ती एका जागी बसते. लॅपटॉपला थंड राहायलाही मदत होते, तुला बहुधा त्याचाच फायदा झाला. पण एखाद्या फ्रेमला ८० मिलिसेकंदच लागत असतील तर कॅप ते कमी करू शकत नाही. फ्रेम येईल तसा आपला वेग बदलणाऱ्या व्हीआरआर मॉनिटरचंही तसंच. लहान चढउतार तो पोटात घेतो, ८० चा सुळका नाही.

निखिल_जुळेसोलापूर

गेम एसएसडीवर टाकला. त्याच रस्त्यावर पुन्हा दोनदा नोंदवलं. सहाचे चार झाले, आणि पूर्वी ८० च्या घरात होते ते आता ३५-४० वर आलेत. पुलावरचा दिसतच नाही. वेशीवरचे आणि चौकातले अजून आहेत, पण आता लक्ष देऊन बघितलं तरच जाणवतात. सरासरी? पुन्हा ११२. म्हणजे कोपऱ्यातल्या आकड्यावरून कुणाला कळणारही नाही की काही बदललं.

रेंडरवाला

उरलेले चार प्रोसेसरच्या बाजूचे असणार. डिस्क जलद झाली, पण मांडणीचं काम तेवढंच राहिलं. सेटिंगमध्ये गर्दी आणि दूरच्या वस्तूंचं अंतर एकेक पायरी उतरवून बघ. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलाला नोंद. पूर्ण जातीलच असं सांगत नाही. गेमची रचनाच तशी असेल तर पॅच आल्याशिवाय जात नाहीत.

तेजस१४४

एक शंका राहिलीच. माझ्याकडे एका गेममध्ये आलेख अगदी सपाट आहे, ६.९ वर, जीपीयू बिझीही ठीक. तरी कॅमेरा फिरवताना थरथर जाणवते. मग आलेख खोटा म्हणायचा का?

रेंडरवाला

खोटा नाही, पण त्याची हद्द आहे. गेमने फ्रेम कधी हवाली केली हे त्यात मोजलेलं असतं. ती पडद्यावर कधी आली, आणि त्या फ्रेममधली हालचाल कोणत्या क्षणाची होती, हे वेगळे प्रश्न आहेत. फ्रेम वेळेवर येतायत पण आतलं जग असमान पावलांनी पुढे जातंय, असं होऊ शकतं. मोबाईलच्या २४० एफपीएस स्लो मोशनमध्ये पडदा शूट कर आणि एखाद्या खांबाची कड प्रत्येक चित्रात किती सरकते ते मोजून बघ. पावलं समान असतील तर मग मॉनिटरकडे वळू.

कॅफे_सातरस्ता

माऊसचा पोलिंग रेटही एकदा उतरवून बघ तेजस. आमच्या एका मशीनवर ८००० वरून १००० केल्यावर फरक पडला होता. पण तिथे आलेखातही दाते दिसत होते, तुझ्याकडे नाहीत म्हणतोस.

तेजस१४४

नाहीत. दोन्ही करून बघतो, व्हिडिओ टाकतो इथेच.

निखिल_जुळेसोलापूर

गर्दी 'हाय'वरून 'मिडियम' केली. चौकातले दोन गेले, वेशीवरचे दोन आहेत, ३० च्या आसपास. अंतराच्या सेटिंगने काहीच फरक पडला नाही, म्हणून ते परत होतं तिथे ठेवलं. ज्याने पीसी जोडला त्याला पहिला आणि शेवटचा आलेख पाठवलाय. तो म्हणाला, पुढच्या गिऱ्हाईकाला मशीन देताना हीच दोन वेळची नोंद करून देईन.

मन्या_बे

मी पण काल नोंदवलं बे. पहिल्यांदा ३१, दुसऱ्यांदा ५. ड्रायव्हर आता तसाच ठेवतोय. ते पाच कुठले ते शोधायचंय, आलेख उद्या टाकतो.